निर्वासिताची व्याख्या आणि परत न पाठविण्याचे तत्त्व

आंतरराष्ट्रीय कायद्यात निर्वासित कोणाला म्हणावे हे ठरविणारी व्याख्या, आणि अशा व्यक्तीला तिच्या जीवितास वा स्वातंत्र्यास धोका असलेल्या प्रदेशात परत पाठविता येणार नाही असा नियम, या दोन परस्परांत गुंतलेल्या संकल्पना आहेत. व्याख्या संरक्षण कोणाला मिळते ते सांगते, तर नियम त्या संरक्षणाचा गाभा सांगतो. दोहोंचा मुख्य आधार निर्वासितांच्या दर्जासंबंधीचा जिनीव्हा करार (२८ जुलै १९५१) आणि त्याला जोडलेला १९६७ चा प्रोटोकॉल हा आहे. करार २२ एप्रिल १९५४ पासून, तर प्रोटोकॉल ४ ऑक्टोबर १९६७ पासून अमलात आला. हा नियम मूळ फ्रेंच शब्दावरून 'नॉन-रिफूलमाँ' या नावानेही ओळखला जातो. त्या शब्दाचा अर्थ मागे ढकलणे, परतवून लावणे असा आहे.

शब्दाचा व्यवहारातील आणि कायद्यातील अर्थ

मराठीत 'निर्वासित' हा शब्द सैलपणे वापरला जातो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून येऊन कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिलेल्या, व पुढे उल्हासनगर वसविणाऱ्या लोकांना सर्वजण निर्वासितच म्हणत. धरणाच्या पाण्याखाली गाव गेलेल्या कुटुंबांसाठीही हा शब्द कधी कधी वापरला जातो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने मात्र हे दोन्ही गट निर्वासित ठरत नाहीत. धरणग्रस्तांनी आपल्या देशाची सीमा ओलांडलेली नसते. ते अंतर्गत विस्थापित होत. सिंधी कुटुंबांनी सीमा ओलांडली होती, त्यांची भीतीही खरी होती. परंतु ज्या देशात ती आली त्या देशाचे नागरिकत्व त्यांना मिळाले. आपल्या सरकारचे संरक्षण नसणे हा व्याख्येचा पाया आहे, आणि नवे सरकार त्यांना आपले मानीत होते.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएट सत्तेने त्यांना घरांतून उचलून दूरच्या प्रदेशांत नेले होते, आणि तेथून सुटून ते इराणमार्गे भारतात पोहोचले होते. युद्ध संपले तेव्हा त्यांपुढे परत जाण्याचा मार्ग खुला झाला. पण पोलंड आता सोव्हिएट प्रभावाखाली होते आणि अनेकांना तेथे जाण्याची भीती वाटत होती. युद्ध संपले म्हणजे परत जावे, की भीती खरी असेल तर न जाण्याचा अधिकार असावा, हा युरोपभर उभा राहिलेला प्रश्न १९५१ च्या कराराच्या मुळाशी होता.

व्याख्येची घडण

कराराच्या पहिल्या अनुच्छेदातील व्याख्येचे चार घटक आहेत. पहिला, व्यक्ती आपल्या राष्ट्रीयत्वाच्या देशाबाहेर असली पाहिजे. राष्ट्रीयत्व नसल्यास नेहमीच्या वास्तव्याच्या देशाबाहेर. दुसरा, तिला छळाची साधार भीती असली पाहिजे. तिसरा, त्या छळाचे कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एक असले पाहिजे. चौथा, त्या भीतीमुळे ती आपल्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नसली किंवा घेण्यास तयार नसली पाहिजे. चारही घटक एकाच वेळी पूर्ण झाले तरच व्यक्ती निर्वासित ठरते.

मूळ करारात आणखी दोन मर्यादा होत्या. भीती १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे निर्माण झालेली असावी, ही एक. आणि राज्यांना हवे असल्यास केवळ युरोपातील घटनांपुरतेच बंधन स्वीकारता येई, ही दुसरी. लेखकांच्या डोळ्यांसमोर युद्धोत्तर युरोपातील माणसे होती. हंगेरीतून १९५६ मध्ये आणि पुढे आफ्रिकेतून लोक बाहेर पडू लागले, तेव्हा ही चौकट अपुरी पडली. १९६७ च्या प्रोटोकॉलने कालमर्यादा काढून टाकली आणि भौगोलिक मर्यादा नव्याने स्वीकारण्याची मुभाही बंद केली. तुर्कस्तानसारख्या, आधीच ती मर्यादा स्वीकारलेल्या देशाला मात्र ती कायम ठेवता आली. त्यामुळे सिरियातून आलेल्या लाखो लोकांना तुर्कस्तानने दिलेला दर्जा कराराखालील निर्वासिताचा नसून तात्पुरत्या संरक्षणाचा आहे.

'साधार भीती' या शब्दांत दोन बाजू आहेत. भीती मनात असते, पण तिचा आधार परिस्थितीत शोधावा लागतो. आधार किती बळकट असावा याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कार्डोझा-फोन्सेका खटल्यात दिले. छळ होण्याची शक्यता न होण्यापेक्षा अधिक असली पाहिजे, अशी अट सरकार घालू पाहत होते. न्यायालयाने ती नाकारली. दहांपैकी एक इतकीच शक्यता असली, तरी भीती साधार ठरू शकते, असे त्याने स्पष्ट केले. त्यामागील तर्क सरळ आहे: चूक एका बाजूला झाली तर एका माणसाला आश्रय अधिक मिळतो, दुसऱ्या बाजूला झाली तर माणूस जिवाला मुकतो.

पाच कारणांपैकी सर्वांत अवघड कारण 'विशिष्ट सामाजिक गट' हे आहे. लिंगभाव हा शब्द व्याख्येत नाही. १९९९ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे दोन पाकिस्तानी स्त्रियांची प्रकरणे एकत्र आली. व्यभिचाराच्या आरोपामुळे त्यांना घरातून बाहेर काढले होते, आणि परत गेल्यास शिक्षा व हिंसा होण्याची भीती होती. त्यांना मारणारे पती व समाजातील लोक होते, सरकार नव्हते. हा छळ विशिष्ट सामाजिक गटाच्या सदस्यत्वामुळे होणारा नव्हे, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायमूर्तींनी बहुमताने ठरविले, की जेथे कायदा व पोलीस स्त्रियांना त्या स्त्रिया आहेत म्हणूनच संरक्षण नाकारतात, तेथे स्त्रिया हा विशिष्ट सामाजिक गट होऊ शकतो. छळ करणारा खासगी माणूस असला तरी राज्य संरक्षण देत नाही, हे पुरेसे आहे.

व्याख्येबाहेर राहणारेही आहेत. दुष्काळ, दारिद्र्य वा पूर यांमुळे देश सोडलेला माणूस केवळ त्या कारणाने या व्याख्येत बसत नाही. युद्धातील सर्वसाधारण हिंसेपासून पळणाऱ्याचीही अडचण होते; त्याला विशेष लक्ष्य केले जात आहे, हे त्याला दाखवावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६९ च्या करारात परकीय आक्रमण, परकीय सत्ता आणि सार्वजनिक व्यवस्था गंभीरपणे बिघडविणाऱ्या घटना यांमुळे देश सोडणाऱ्यांचाही समावेश केला. लॅटिन अमेरिकेत १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने याच धर्तीवर व्यापक व्याख्या सुचविली. शिवाय ज्याने युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा आश्रयदेशाबाहेर गंभीर अराजकीय गुन्हा केला आहे असे मानण्यास गंभीर कारण आहे, त्याला करार मुळातच निर्वासित मानीत नाही.

दर्जा मिळतो केव्हा?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत यासंबंधी एक महत्त्वाची भूमिका मांडलेली आहे. व्याख्येतील अटी पूर्ण होताक्षणी व्यक्ती निर्वासित होते. सरकारी अधिकारी कागदावर शिक्का मारतो तेव्हा नव्हे. मान्यता म्हणजे आधीच असलेल्या स्थितीची नोंद होय.

ही बाब वरवर तात्त्विक वाटते, पण तिचा परिणाम अतिशय व्यावहारिक आहे. अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी अर्जदार निर्वासित आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. तो असण्याची शक्यता आहे. तेव्हा निकाल लागेपर्यंत त्याला परत पाठविल्यास ज्याला पाठवू नये असे कायदा सांगतो, त्यालाच पाठविले जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून परत न पाठविण्याचे तत्त्व आश्रयार्थी व्यक्तीलाही, म्हणजे अर्ज प्रलंबित असलेल्यालाही, लागू होते. चौकशी हा या तत्त्वाचाच भाग आहे. चौकशीशिवाय तत्त्व पाळले गेले की नाही, हे कळूच शकत नाही. हाच विचार पुढील हिर्सी खटल्यात निर्णायक ठरतो.

तेहतिसावा अनुच्छेद

कराराच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाचे पहिले कलम असे सांगते, की कोणतेही करारबद्ध राज्य निर्वासिताला कोणत्याही प्रकारे अशा प्रदेशाच्या सीमेवर पाठविणार नाही, जेथे पाच कारणांपैकी एखाद्यामुळे त्याच्या जीवितास वा स्वातंत्र्यास धोका असेल. 'कोणत्याही प्रकारे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हकालपट्टी, प्रत्यार्पण, सीमेवरून परतवणे किंवा अनौपचारिकपणे गाडीत बसवून सीमेपलीकडे सोडणे, या साऱ्यांचा परिणाम एकच असेल तर सारेच निषिद्ध ठरतात. हे बंधन इतके मूलभूत मानले गेले आहे, की व्याख्येचा अनुच्छेद आणि तेहतिसावा अनुच्छेद यांना अपवाद नोंदवून करारात सामील होण्याची मुभा राज्यांना नाही.

या अनुच्छेदाने काय दिलेले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्याने आश्रयाचा हक्क दिलेला नाही. राज्यावर निर्वासिताला कायमचे ठेवून घेण्याचे बंधन नाही. बंधन आहे ते धोक्याच्या ठिकाणी न पाठविण्याचे. त्यामुळे सीमेवर माणूस आला असता राज्यापुढे काही पर्याय उरतात: अर्ज तपासून आश्रय देणे, तात्पुरते संरक्षण देणे किंवा जेथे धोका नाही अशा तिसऱ्या देशात पाठविणे. चौथा पर्याय, म्हणजे विचारपूस न करता परतवून लावणे, तत्त्वाने बंद केलेला आहे. व्यवहारातील बहुतेक वाद तिसऱ्या व चौथ्या पर्यायांच्या सीमारेषेवर होतात.

दुसऱ्या कलमात दोन अपवाद आहेत. जो निर्वासित आश्रयदेशाच्या सुरक्षिततेला धोका आहे असे मानण्यास रास्त कारण असेल, किंवा जो विशेष गंभीर गुन्ह्यासाठी अंतिम निकालाने दोषी ठरून समाजाला धोका बनला असेल, त्याला या संरक्षणाचा दावा करता येत नाही. मानवी हक्कांच्या करारांनी पुढे हा दरवाजा अरुंद केला. १९८४ च्या छळवादविरोधी कराराचा तिसरा अनुच्छेद कोणाही व्यक्तीला यातना दिल्या जाण्याचा धोका असलेल्या देशात पाठविण्यास मनाई करतो आणि त्याला अपवाद नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये चहल विरुद्ध युनायटेड किंग्डम या खटल्यात हाच मुद्दा ठामपणे मांडला. राष्ट्रीय सुरक्षेला धोका म्हणून एका शीख फुटीरतावादी व्यक्तीला ब्रिटन भारतात पाठवू पाहत होते. यातना वा अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल तर माणूस कितीही धोकादायक असो, त्याला पाठविता येणार नाही आणि धोका व सुरक्षितता यांचा तोल साधण्याचा प्रश्नच येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परिणामी युरोपात जिनीव्हा करारातील अपवाद लागू होऊन एखाद्याचा निर्वासिताचा दर्जा गेला, तरी त्याला यातनांच्या तोंडी देता येत नाही.

सीमेपलीकडचा प्रश्न : समुद्र

'परत पाठविणे' ही क्रिया माणूस देशात आल्यावरच घडते, की त्याला वाटेत अडविले तरी घडते? १९५१ च्या वाटाघाटींत स्विस व डच प्रतिनिधींनी हा शब्द आधीच देशात आलेल्यांपुरता असल्याचे मत नोंदविले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सेल खटल्यात त्याचा आधार घेतला. हैतीतून होड्यांतून निघालेल्या लोकांना अमेरिकी तटरक्षक दल खोल समुद्रातच पकडून, चौकशी न करता, हैतीत परत नेत होते. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरविले, की तेहतिसावा अनुच्छेद देशाच्या हद्दीबाहेर लागू होत नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी एकट्याने विरोधी मत दिले. 'परत पाठविणे' या शब्दांचा साधा अर्थच परत पाठविणे असा आहे. ते कोठून हे करारात कोठेही मर्यादित केलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने १९९७ मध्ये हे विरोधी मतच योग्य मानले.

हिर्सी खटला

युरोपात हाच प्रश्न हिर्सी जमा आणि इतर विरुद्ध इटली या खटल्यात उभा राहिला. त्यातील घटनाक्रम तत्त्व कसे मोडते व ते कसे ओळखता येते, हे दाखविणारा आहे.

मे २००९ मध्ये सुमारे दोनशे लोक तीन होड्यांतून लिबियाहून इटलीकडे निघाले. ६ मे रोजी या होड्या लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेस ३५ सागरी मैलांवर, माल्टाच्या शोध व बचाव क्षेत्रात होत्या. तेथे इटलीच्या वित्तीय पोलीस दलाच्या व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना गाठले. लोकांना इटलीच्या लष्करी जहाजांवर घेण्यात आले. त्यांची ओळख पटविली गेली नाही, नावे नोंदविली गेली नाहीत आणि आपण कोठे चाललो आहोत हेही त्यांना सांगितले गेले नाही. दहा तासांच्या प्रवासानंतर जहाजे त्रिपोलीच्या बंदरात पोहोचली. लिबियाच्या ताब्यात जाण्यास लोकांनी विरोध केला. त्यांना बळाने उतरविण्यात आले. दुसऱ्याच दिवशी इटलीच्या गृहमंत्र्यांनी लिबियाशी झालेल्या द्विपक्षीय करारांनुसार ही कारवाई झाल्याचे सांगितले. अर्जदार चोवीस होते: अकरा सोमाली व तेरा एरिट्रियन.

इटलीचा पहिला बचाव अधिकारितेचा होता. ही समुद्रातील बचावकार्याची घटना होती. लोक इटलीच्या हद्दीत आलेच नाहीत, त्यामुळे इटलीवर मानवी हक्क कराराचे बंधन येत नाही, असे सरकार म्हणाले. न्यायालयाच्या महापीठाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी दिलेल्या निकालात हे फेटाळले. खोल समुद्रातील जहाजावर ज्याचा ध्वज आहे त्या राज्याचा कायदा चालतो, आणि त्रिपोलीपर्यंत हे लोक सर्वस्वी इटलीच्या लष्करी कर्मचाऱ्यांच्या ताब्यात होते. कायद्याने व प्रत्यक्षात दोन्ही अर्थांनी नियंत्रण इटलीचे होते. कृतीला 'बचाव' हे नाव दिल्याने स्थिती बदलत नाही.

दुसरा बचाव असा, की कोणी आश्रय मागितलाच नव्हता. न्यायालयाच्या मते प्रश्न अर्जदारांनी काय मागितले हा नव्हता, तर इटलीला काय ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, हा होता. लिबियातील कोठड्यांत परदेशी स्थलांतरितांना मिळणारी वागणूक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांत नोंदविलेली होती. लिबिया १९५१ च्या कराराचा सदस्य नव्हता आणि तेथे आश्रयाची कोणतीही कायदेशीर प्रक्रिया नव्हती. अशा ठिकाणी पाठविताना पुढे काय होईल याची चौकशी करण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर येते. लिबियाशी झालेले करार ही जबाबदारी नाहीशी करू शकत नाहीत.

तिसरा मुद्दा अप्रत्यक्ष परतपाठवणीचा होता. लिबियातून या लोकांना सोमालिया व एरिट्रियात पाठविले जाण्याचा धोका होता. थेट धोक्याच्या देशात न पाठविता मधल्या देशात पाठविले, आणि त्या मधल्या देशाने पुढे ढकलले, तर पहिल्या राज्यालाही दोष लागतो. पुढे ढकलले जाणार नाही याची पुरेशी हमी मधल्या देशात आहे का, हे त्याने आधी पाहायचे असते. अर्जदारांपैकी चौदा जणांना २००९ मध्येच त्रिपोलीतील उच्चायुक्त कार्यालयाने निर्वासित म्हणून मान्यता दिली होती. म्हणजे जहाजावर चौकशी झाली असती तर काय निष्पन्न झाले असते, याचा अंदाज त्यावरून येतो.

न्यायालयाने एकमताने चार उल्लंघने नोंदविली. यातना व अमानुष वागणुकीस मनाई करणाऱ्या तिसऱ्या अनुच्छेदाचा भंग दोनदा झाला: लिबियातील वागणुकीच्या धोक्यामुळे एकदा, पुढे मायदेशी पाठविले जाण्याच्या धोक्यामुळे दुसऱ्यांदा. कोणाचीही वैयक्तिक तपासणी न झाल्याने सामूहिक हकालपट्टीवरील बंदी मोडली गेली. जहाजावर दुभाषे वा कायदेशीर सल्लागार नव्हते, हे न्यायालयाने नमूद केले. दाद मागण्याचा कोणताही मार्ग ठेवला नाही, हा चौथा भंग. निकालापर्यंत दोन अर्जदार मरण पावले होते. उरलेल्या बावीस जणांना प्रत्येकी १५,००० युरो देण्याचा आदेश झाला. त्यांना वाईट वागणूक मिळणार नाही व मायदेशी पाठविले जाणार नाही, अशी हमी लिबियाकडून मिळविण्याचे बंधनही इटलीवर घालण्यात आले.

निकालाच्या मर्यादाही त्याच्या तर्कातच आहेत. तो नियंत्रणावर उभा आहे. २०१७ च्या सामंजस्य करारानंतर इटलीने लिबियाच्या तटरक्षक दलाला साहित्य व प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. होड्या आता लिबियाचीच जहाजे अडवितात. माणसे लिबियाला परततात, पण ती इटलीच्या जहाजावर कधी चढतच नाहीत. मदत करणाऱ्या राज्याची जबाबदारी कोठवर पोहोचते, या प्रश्नाकडे त्यामुळे वादाचा रोख वळला आहे.

सुरक्षित तिसरा देश

ब्रिटनने २०२२ मध्ये लहान होड्यांतून येणाऱ्या आश्रयार्थींना रवांडात पाठवून त्यांचे अर्ज तेथेच निकालात काढण्याची योजना आखली. ती वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या पर्यायाची कसोटी ठरली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने बेकायदा ठरविली. तिसऱ्या देशात पाठविणे हेच बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. रवांडात निर्वासितांचे अर्ज नीट तपासले जाणार नाहीत आणि खरे निर्वासित मायदेशी ढकलले जातील असा खरा धोका आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यासाठी न्यायालयाने आश्वासनांपेक्षा पूर्वानुभव तपासला. अफगाणिस्तान, सिरिया व येमेन येथील अर्जदारांचे सर्वच्या सर्व अर्ज तेथे फेटाळले गेल्याची माहिती उच्चायुक्त कार्यालयाने मांडली होती. तसेच इस्रायलशी झालेल्या अशाच कराराखाली आलेल्या लोकांना रवांडातून गुपचूप बाहेर पाठविले गेले होते. संसदेने २०२४ मध्ये रवांडा सुरक्षित आहे असे मानण्याचा कायदा केला; त्याच वर्षी सत्तांतर झाल्यावर योजना सोडून देण्यात आली.

भारतातील स्थिती

भारत १९५१ च्या कराराचा वा प्रोटोकॉलचा सदस्य नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. छळवादविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन केलेले नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा मात्र तो १९७९ पासून सदस्य आहे. देशांतर्गत कायद्याच्या दृष्टीने निर्वासित हा परकीय नागरिकच असतो. पूर्वी १९४६ चा परकीय नागरिक कायदा त्याला लागू होई. २०२५ मध्ये त्याची जागा इमिग्रेशन व परकीय नागरिकविषयक नव्या कायद्याने घेतली. तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ यांसारख्या गटांना शासनाने धोरण म्हणून आश्रय दिला आहे, करारातील बंधन म्हणून नव्हे.

तत्त्वाला भारतात जागा मिळाली ती संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातून. त्यातील जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क केवळ नागरिकांना नव्हे, तर कोणाही व्यक्तीला आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे चकमा लोकांना बळाने हुसकावून लावण्यापासून संरक्षण देण्याचा आदेश राज्याला दिला. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने इराकी नागरिकांच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकले: परत न पाठविण्याचे तत्त्व एकविसाव्या अनुच्छेदात सामावलेले आहे, मात्र संबंधित व्यक्तीची उपस्थिती राष्ट्रीय सुरक्षेला बाधक नसावी, असे त्याने म्हटले.

८ एप्रिल २०२१ रोजी मोहम्मद सलीमुल्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा सूर लावला. जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांना म्यानमारला पाठवू नये, ही अंतरिम मागणी त्याने मान्य केली नाही. चौदावा व एकविसावा अनुच्छेद सर्व व्यक्तींना लागू असले, तरी देशातून बाहेर न काढले जाण्याचा हक्क देशात कोठेही राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो केवळ नागरिकांना आहे, असे न्यायालय म्हणाले. विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय कोणालाही पाठवू नये, एवढीच अट त्याने घातली. येथे दोन निराळे प्रश्न एकत्र आल्याची टीका अभ्यासकांनी केली आहे. भारतात राहण्याचा हक्क हा एक प्रश्न आहे, आणि म्यानमारमध्ये जिवाला धोका असताना तेथेच न पाठविले जाण्याचा हक्क हा दुसरा. तेहतिसावा अनुच्छेद केवळ दुसऱ्याविषयी बोलतो.

करारबाह्य बंधन

करारात सामील नसलेल्या राज्यांनाही हे तत्त्व आंतरराष्ट्रीय रूढी म्हणून बांधते, असे निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचे आणि अनेक विद्वानांचे मत आहे. राज्ये हे तत्त्व मोडताना ते मुळात मान्य नसल्याचे क्वचितच म्हणतात. संबंधित माणूस निर्वासित नव्हता, घटना आपल्या हद्दीबाहेर घडली किंवा पाठविलेला देश सुरक्षित होता, असा बचाव ती करतात. इटलीचे तिन्ही युक्तिवाद याच जातीचे होते. विरोधी मत असे, की रूढीसाठी आचरणही सातत्याचे हवे, आणि समुद्रात व सीमेवर ते सातत्य दिसत नाही. त्यामुळे नियमाच्या अस्तित्वापेक्षा तो कोठून कोठपर्यंत पोहोचतो, यावरच आज अधिक वाद आहे.

हेही पाहा : आश्रय, प्रत्यार्पण, राज्यविहीनता, मानवी हक्क, अंतर्गत विस्थापित